क्लोजअप कधी घ्यायचा आणि वाईड कधी? शॉट आणि कॅमेरा अँगलचं साधं गणित

'शोले'मधला गब्बर पहिल्यांदा पडद्यावर येतो तो प्रसंग आठवून बघा. आधी त्याचा चेहरा दिसत नाही. दिसतात ते खडकावरून चालणारे बूट आणि दगडावर घासत येणारा पट्टा. कॅमेरा जमिनीलगत आहे. हा माणूस कोण, कसा दिसतो, किती चिडलाय, यातलं काहीच आपल्याला माहिती नसतं, पण समोर उभ्या असलेल्या तीन डाकूंचं काही खरं नाही एवढं मात्र कळून चुकतं.

१९७५ साली दिग्दर्शक रमेश सिप्पी आणि कॅमेरामन द्वारका दिवेचा यांनी थेट अमजद खानच्या चेहऱ्यापासून सुरुवात केली असती, तरी संवाद तेच राहिले असते आणि नटही तोच राहिला असता. पण भीती तेवढी वाटली नसती. कारण प्रेक्षकाला काय दाखवायचं, किती जवळून दाखवायचं आणि कुठल्या उंचीवरून दाखवायचं, या तीन गोष्टींवर त्या प्रसंगाचा निम्मा परिणाम उभा आहे.

आता आपल्या हातातल्या फोनकडे या. आपण रील किंवा छोटा व्हिडिओ शूट करतो तेव्हा बहुतेक वेळा काय होतं? फोन छातीच्या उंचीवर धरायचा, समोरचा माणूस कमरेपर्यंत दिसेल असा उभा करायचा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच. व्हिडिओ स्वच्छ येतो, आवाज नीट येतो, तरी बघताना काहीतरी सपाट वाटतं. ते का वाटतं आणि त्यावर उपाय काय, तेच आज बघू.

शॉट म्हणजे प्रेक्षकाला कुठे उभं करायचं ते

शॉटच्या नावांची यादी इंटरनेटवर कुठेही मिळते आणि ती पाठही होते. पण त्यामागची एकच गोष्ट लक्षात ठेवली तर पाठ करायची गरज पडत नाही. कॅमेरा जिथे असतो, तिथे प्रेक्षक उभा असतो.

खऱ्या आयुष्यात आपण अनोळखी माणसाच्या तोंडाजवळ तोंड नेत नाही. ओळखीच्या माणसाशी हातभर अंतरावरून बोलतो. अगदी जवळच्या माणसाच्या डोळ्यातलं पाणी आपल्याला दिसतं, कारण आपण तेवढ्या जवळ असतो. पडद्यावरही मन हेच गणित लावतं. म्हणून वाईड शॉटमध्ये आपण बघे असतो, मिड शॉटमध्ये ओळखीचे होतो आणि क्लोजअपमध्ये घरचे.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' केला, तेव्हा त्या काळच्या बहुतेक चित्रपटांप्रमाणे कॅमेरा समोर स्थिर असायचा आणि पात्रं डोक्यापासून पायापर्यंत दिसायची. म्हणजे प्रेक्षक नाटकाच्या खुर्चीत बसल्यासारखा. ती खुर्ची उचलून पुढे-मागे, वर-खाली नेता येते हे जसजसं उमगत गेलं, तसतशी सिनेमाची स्वतःची भाषा तयार झाली.

चार मुख्य शॉट

या नावांच्या सीमा काटेकोर नाहीत. एका युनिटमध्ये ज्याला मिड म्हणतात, त्याला दुसऱ्या युनिटमध्ये मिड क्लोज म्हणतील. त्यामुळे नावापेक्षा शॉट काय काम करतो ते बघा.

१. वाईड शॉट किंवा लाँग शॉट

यात माणूस पूर्ण दिसतो आणि त्याच्या आजूबाजूची जागाही दिसते. जागा जितकी जास्त, तितका माणूस लहान. मग बघणाऱ्याचं लक्ष चेहऱ्यापेक्षा दोन गोष्टींकडे जातं. हा माणूस कुठे आहे, आणि तो इतरांपासून किती लांब आहे.

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' बघितला असेल तर न्यायालयातले प्रसंग आठवा. कॅमेरा लांब, स्थिर, आणि शॉट बराच वेळ चालतो. वकील बोलतायत, न्यायाधीश टिपण सांगतायत, मागे लोक ताटकळत बसलेत. कोणाच्याही चेहऱ्यावर कॅमेरा धावून जात नाही. एका माणसाचं आयुष्य टांगणीला लागलंय आणि खोली मात्र आपल्या गतीने चाललीय, हे त्या अंतरामुळे जाणवतं. तिथे आरोपीच्या डोळ्यांचे क्लोजअप टाकले असते तर आपण एका माणसासाठी हळहळलो असतो. वाईडमुळे आपण सगळी व्यवस्था बघतो.

वाईडची मर्यादाही तिथेच आहे. बारीक भाव त्यात दिसत नाहीत, आणि फोनच्या छोट्या स्क्रीनवर तर अजिबात नाहीत. थिएटरमध्ये वाईडमधला माणूस खऱ्या माणसाएवढा दिसू शकतो, फोनवर तो बोटाच्या पेराएवढा होतो. म्हणून रीलमध्ये वाईड ठेवायचा असेल तर त्यात एकच गोष्ट घडू द्या आणि ती मोठ्या हालचालीची असू द्या. दार उघडणं, उठून निघून जाणं, कोणीतरी शेजारी येऊन बसणं, असं काहीतरी.

२. मिड शॉट

कमरेपासून वर. चेहरा वाचता येतो आणि हातही दिसतात. बातम्या, मुलाखती, स्वयंपाकाचे व्हिडिओ यात हाच शॉट जास्त असतो, कारण गप्पा मारताना आपण समोरच्याला साधारण एवढंच बघतो.

याचाच एक भाऊ आहे काउबॉय शॉट. यात फ्रेम मांडीच्या मध्यावर कापतात. अमेरिकन वेस्टर्न सिनेमात कमरेखाली लटकणारं पिस्तूल दिसणं गरजेचं होतं, त्यावरून हे नाव पडलं. आज पिस्तूल नसलं तरी हातातली पिशवी, काठी, कडेवरचं मूल असं काही दाखवायचं असेल तर हीच चौकट उपयोगी पडते.

मिड शॉट सुरक्षित असतो आणि हीच त्याची अडचण आहे. तो फार काही चुकवत नाही, पण फार काही सांगतही नाही. रीलभर मिड शॉटच राहिला की सपाट वाटतं ते यामुळेच.

३. क्लोजअप

चेहरा आणि फार तर खांद्याची सुरुवात. यात आजूबाजूची जागा जवळपास नाहीशी होते. बघायला दुसरं काहीच उरत नसल्यामुळे आपण त्या माणसाच्या मनात काय चाललंय याचा विचार करायला लागतो. तो बोलत नसेल तर आणखीच.

म्हणून क्लोजअपची जागा शक्यतो निर्णयाच्या, धक्क्याच्या किंवा काहीतरी लपवण्याच्या क्षणी असते. आनंदाच्या बातमीपेक्षा ती बातमी कळण्याच्या आधीचे दोन सेकंद क्लोजअपमध्ये जास्त बोलतात.

४. एक्स्ट्रीम क्लोजअप

फक्त डोळे, फक्त बोटं, घड्याळाचा काटा, कुलपातली किल्ली. खऱ्या आयुष्यात आपण इतक्या जवळून क्वचितच बघतो, त्यामुळे हा शॉट आला की प्रेक्षकाला वाटतं, ही गोष्ट महत्त्वाची आहे, लक्षात ठेवा.

सर्जियो लिओनेच्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' या १९६६ च्या सिनेमाचा शेवट याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण आहे. कब्रस्तानात तीन माणसं एकमेकांसमोर उभी राहतात. आधी खूप लांबून तिघंही ठिपक्यांसारखे दिसतात. मग कॅमेरा टप्प्याटप्प्याने जवळ येतो. शरीर, चेहरे, पिस्तुलाजवळचे हात, आणि शेवटी फक्त डोळे. बराच वेळ कोणी गोळी झाडत नाही. ताण वाढत जातो तो फक्त अंतर कमी होत गेल्यामुळे.

या प्रसंगातून नवख्या माणसाने एकच गोष्ट उचलायची. एकट्या शॉटला फारसा अर्थ नसतो. एका शॉटवरून दुसऱ्या शॉटवर जाताना अंतर किती बदललं, त्यात अर्थ असतो. लिओनेचे डोळे भारी वाटतात, कारण त्याआधी ठिपके दिसले होते.

आता अँगल

शॉटचा आकार प्रेक्षकाचं अंतर ठरवतो, तर अँगल त्याची उंची ठरवतो.

आय लेव्हल म्हणजे कॅमेरा पात्राच्या डोळ्यांच्या उंचीवर. इथे बरोबरीचं नातं तयार होतं. लक्षात ठेवायचं ते हे की उंची पात्राच्या डोळ्यांची असते, शूट करणाऱ्याच्या नाही. चार वर्षांच्या मुलाचा आय लेव्हल शॉट घ्यायचा तर आपल्याला गुडघ्यावर बसावं लागतं. उभं राहून घेतला की तो आपोआप हाय अँगल होतो. घरोघरी लहान मुलांचे व्हिडिओ नुसते 'गोड' वाटतात आणि त्या मुलाला काय वाटतंय ते त्यात कधीच दिसत नाही, त्याचं एक कारण हेच.

लो अँगल म्हणजे कॅमेरा खाली आणि नजर वर. समोरचा मोठा, भारदस्त किंवा धोकादायक वाटतो. गब्बरच्या बुटांचं उदाहरण आपण बघितलंच.

हाय अँगल म्हणजे कॅमेरा वर आणि नजर खाली. पात्र लहान, एकटं किंवा अडचणीत सापडल्यासारखं वाटतं.

बहुतेक ठिकाणी माहिती इथेच संपते. लो म्हणजे ताकद, हाय म्हणजे दुबळेपणा. पण हे पूर्ण खरं नाही, आणि ते न कळल्यामुळे बरेच व्हिडिओ ढोबळ होतात.

१९४१ चा 'सिटिझन केन' घ्या. केन निवडणूक हरतो आणि त्याचा जुना मित्र त्याला चार कडू गोष्टी सुनावतो. हा माणसाच्या पडझडीचा प्रसंग आहे, तरी ऑर्सन वेल्स आणि कॅमेरामन ग्रेग टोलंड यांनी तो कमालीच्या लो अँगलने घेतला. त्यासाठी सेटची जमीन उकरून कॅमेरा खाली ठेवला होता. परिणाम असा की केन प्रचंड मोठा दिसतो, वर छत दिसतं, आणि एवढा मोठा माणूस त्या रिकाम्या ऑफिसात अडकून पडल्यासारखा वाटतो. अँगल तोच, पण प्रसंगामुळे अर्थ उलटा झाला.

टॉप अँगलचंही तसंच. हिचकॉकच्या 'सायको'मध्ये (१९६०) गुप्तहेर जिना चढून वर येतो आणि त्याच्यावर हल्ला होतो. तो क्षण थेट डोक्यावरून दाखवलाय. कारण अगदी व्यवहारी होतं. हल्ला करणाऱ्याचा चेहरा दिसू द्यायचा नव्हता, आणि चेहरा लपवतोय असंही प्रेक्षकाला वाटू द्यायचं नव्हतं. पण गंमत पुढे आहे. त्या लांबच्या टॉप शॉटवरून हिचकॉक एकदम गुप्तहेराच्या चेहऱ्याच्या मोठ्या क्लोजअपवर येतो. सगळ्यात लांबून सगळ्यात जवळ, मध्ये काहीच नाही. दचकायला होतं ते त्या उडीमुळे.

कॅमेरा मुद्दाम तिरका धरण्याला डच अँगल म्हणतात. हॉलंडशी याचा संबंध नाही, हा 'डॉइच' म्हणजे जर्मन या शब्दाचा अपभ्रंश मानला जातो. जग कलंडलंय असं दाखवायला तो चालतो, पण वाढदिवसाच्या व्हिडिओत तो दिसला की फोन हातातून निसटला असंच वाटतं.

आणि एक अँगल असा आहे जो नियमांच्या यादीत सापडत नाही. नागराज मंजुळेच्या 'फँड्री'चा शेवट आठवतो? जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने. तोवर आपण त्याच्या बाजूने बघतोय अशी आपली समजूत असते. त्या एका शॉटने आपल्याला कुठे नेऊन उभं केलं, ते वेगळं सांगायला नको.

एक प्रसंग फोनवर शूट करून बघू

समजा गोष्ट एवढीच आहे. एका खोलीचं घर. मुलगी स्पर्धा परीक्षेच्या निकालाची यादी मोबाईलवर बघतेय. आई ओट्याशी पोळ्या लाटतेय. यादीत मुलीचा बैठक क्रमांक नाही. संवाद एकही नाही. चाळीस सेकंदांची रील, फोन उभा.

आधी अंतराचा एक अंदाज. फोनची नेहमीची 1x लेन्स असेल आणि फोन उभा धरला असेल, तर जितक्या फुटांवर तुम्ही उभे असता, साधारण तितकी किंवा थोडी जास्त फूट उंची फ्रेममध्ये मावते. म्हणजे सहा फुटांवरून उभा माणूस पूर्ण बसतो. फोन आडवा धरला तर त्याच अंतरावरून निम्म्याहून थोडीच जास्त उंची मिळते, त्यामुळे मागे जावं लागतं. प्रत्येक फोनमध्ये थोडा फरक पडतो, पण सुरुवात करायला हा अंदाज पुरतो.

शॉट १ : वाईड, ५ सेकंद. फोन दाराच्या चौकटीत, आठ-नऊ फूट लांब, 1x. पुढे जमिनीवर भिंतीला टेकून बसलेली मुलगी, मागे ओट्याशी पाठमोरी आई. दोघींना शेजारी-शेजारी बसवू नका, उभ्या फ्रेमची रुंदी कमी असते, त्यात दोघी कोंबल्यासारख्या दिसतात. एक पुढे, एक मागे ठेवली की मधली रिकामी जागा आपोआप दिसते. ती जागा आपल्याला शेवटी लागणार आहे.

शॉट २ : मुलीचा मिड, ६ सेकंद. तीन फुटांवरून, 1x. ती जमिनीवर बसलीय, म्हणून फोनही जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर, तिच्या डोळ्यांच्या रेषेत. ती यादी खाली सरकवतेय. हात दिसतोय, चेहरा दिसतोय, अजून काही कळलेलं नाही.

शॉट ३ : एक्स्ट्रीम क्लोजअप, ४ सेकंद. स्क्रीनवर फिरणारा अंगठा आणि आकड्यांची रांग. अंगठा थांबतो. थोडा वर जातो. पुन्हा खाली येतो.

शॉट ४ : आईचा मिड, ७ सेकंद. बाजूने. लाटणं चालू आहे आणि मग हात थांबतो. ती वळत नाही. मागचा आवाज बंद झाला एवढंच तिला कळलंय.

शॉट ५ : मुलीचा क्लोजअप, ८ सेकंद. सगळ्या रीलमधला हा एकमेव क्लोजअप. ती रडत नाही, फक्त बघत राहते. तिला रडायला सांगू नका. प्रेक्षकाला आधीच्या चार शॉटमधून सगळं माहिती झालंय, रडायचं की नाही ते त्याला ठरवू द्या.

शॉट ६ : पुन्हा पहिलाच वाईड, १० सेकंद. तीच जागा, तीच चौकट. आई येते आणि मुलीच्या शेजारी जमिनीवर बसते. मधली जागा भरली. रील संपली.

आता यातला एकच शॉट बदलून बघू. शेवटच्या शॉटमध्ये फोन वर धरून हाय अँगल घेतला तर प्रेक्षकाला थेट सांगितल्यासारखं होतं की बघा, किती बिचारी आहे ही. पाचव्या शॉटमध्ये फोन खाली ठेवून लो अँगल घेतला तर वाटतं, आता ही उठणार आणि काहीतरी करून दाखवणार. दोन्ही चूक नाहीत, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या गोष्टीत दया नको होती आणि पराक्रमही नको होता, म्हणून सगळे शॉट आय लेव्हलला ठेवले.

आणि क्लोजअप पहिल्याच शॉटला वापरला असता तर? रील बघणारा पहिल्या दोन-तीन सेकंदांत पुढे सरकतो, म्हणून सुरुवात चेहऱ्याने करा असं हमखास सांगितलं जातं. पण मग निकाल कळतो त्या क्षणी आणखी जवळ जायला जागाच उरत नाही. सुरुवातीला लक्ष वेधायचंच असेल तर तिसरा शॉट, म्हणजे स्क्रीनवरचा अंगठा, सगळ्यात आधी टाका. तोही जवळचा आहे, पण त्यात चेहरा खर्च होत नाही.

क्लोजअप घेताना नाक मोठं का दिसतं?

पाचवा शॉट घेताना बहुतेक जण फोन चेहऱ्याच्या फूटभर जवळ नेतात आणि तिथेच गडबड होते. नाकाचं टोक आणि कान यांच्यात साधारण पाच इंचांचा फरक असतो. फोन नाकापासून १२ इंचांवर असेल तर कान १७ इंचांवर जातात, म्हणजे नाकापेक्षा जवळपास दीडपट लांब. म्हणून नाक पुढे आलेलं आणि कान मागे गेलेले दिसतात. फोन ४८ इंचांवर नेला तर कान ५३ वर असतात, फरक दहा टक्क्यांच्या आसपास, आणि चेहरा आपल्याला नेहमी दिसतो तसा दिसतो.

म्हणजे दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. उपाय सोपा. अडीच ते चार फूट मागे या आणि 2x किंवा 3x वापरा. ज्या फोनला वेगळी झूम लेन्स नाही त्यात हा झूम म्हणजे मधला तुकडा मोठा केलेला असतो, त्यामुळे दिवसा खिडकीजवळ चित्र चांगलं येतं, पण रात्री ट्यूबलाइटमध्ये ते फुटतं. असा फोन असेल तर क्लोजअप दिवसाच उरकून घ्या. आणि चेहऱ्यासाठी 0.5x लेन्स टाळलेलीच बरी. तीत चेहरा मोठा दिसायला आणखी जवळ जावं लागतं आणि कडेचा भागही ताणला जातो.

नेमकं कुठे चुकतं आणि ते कसं ओळखायचं

सांध्यावर फ्रेम कापणं. गुडघा, मनगट, घोटा किंवा मान यावर फ्रेमची कड आली की अवयव तुटल्यासारखा वाटतो. कड नेहमी दोन सांध्यांच्या मध्ये आणा. मांडीच्या मध्यावर, छातीवर किंवा कमरेच्या जरा वर.

डोक्यावर उगाच मोकळी जागा. नवखा माणूस चेहरा फ्रेमच्या बरोबर मध्ये ठेवतो, त्यामुळे वर निम्मी भिंत येते आणि माणूस बुडाल्यासारखा दिसतो. मिड शॉटमध्ये डोळे वरच्या एक तृतीयांश रेषेच्या आसपास असू द्या. क्लोजअपमध्ये कपाळाचा वरचा भाग कापला तरी चालतो, हनुवटी मात्र कापू नका.

अंतर अर्धवट बदलणं. एक मिड आणि त्याला लागून जेमतेम जवळचा दुसरा मिड जोडला तर व्हिडिओ अडखळल्यासारखा वाटतो, कारण बघणाऱ्याला शॉट बदलला हे कळत नाही, काहीतरी उडी बसली एवढंच जाणवतं. बदलायचं तर ठळक बदला. मिडवरून थेट क्लोजअपवर जा आणि सोबत कॅमेराही थोडा बाजूला सरकवा. निदान ३० अंश तरी सरकवावा असा जुना संकेत आहे.

अ‍ॅपखाली चेहरा झाकला जाणं. रीलच्या खालच्या भागात नाव आणि कॅप्शन येतं, उजव्या कडेला बटणं असतात. वाईडमधली महत्त्वाची हालचाल अगदी खालच्या कडेला ठेवली तर ती कोणालाच दिसत नाही. आपल्या उदाहरणात दोघी जमिनीवर बसल्यात, म्हणून फोन थोडा खाली झुकवून त्यांना फ्रेमच्या मध्याजवळ आणावं लागेल.

शूट करताना क्रमही महत्त्वाचा आहे. आधी सगळा प्रसंग दारातून वाईडमध्ये एकदा पूर्ण घ्या. पहिला आणि सहावा शॉट त्यातूनच निघतो आणि चौकट दोन्ही वेळा तंतोतंत जुळते. मग तोच प्रसंग पुन्हा करून मिड घ्या, शेवटी क्लोजअप. उलट क्रमाने गेलात तर वाईडची वेळ येईपर्यंत खिडकीतला उजेड बदललेला असतो आणि पोळ्याही संपलेल्या असतात.

एडिटिंगला बसण्याआधी एक तपासणी करा. फोनची गॅलरी उघडा आणि सगळ्या क्लिपचे छोटे चौकोन एकत्र बघा. प्रत्येक चौकोनात चेहरा साधारण एकाच आकाराचा दिसत असेल तर तुमच्याकडे सहा क्लिप आहेत, पण शॉट एकच आहे. एखादा चौकोन जवळजवळ रिकामा, एखाद्यात नुसता हात आणि फक्त एकाच चौकोनात चेहरा भरून आलेला दिसला, तर आवाज बंद करून ती रील चालवून बघा. गोष्ट तरीही कळत असेल तर शॉट बरोबर लागलेत.